डीकॅफ म्हणजे कॅफिन शून्य का?

डीकॅफ कॉफीमधलं कॅफिन काढतात कसं, किती उरतं आणि चव बिघडते का?

कॅफिन काढतात ते भाजण्याआधी, कच्च्या हिरव्या बियांतून. बिया नुसत्या गरम पाण्यात भिजवल्या तर कॅफिनसोबत चवही पाण्यात उतरते. म्हणून 'स्विस वॉटर' पद्धतीत पहिल्या बियांचं ते पाणी कोळशातून गाळतात. कॅफिन कोळशाला चिकटतं, चवीचे घटक पाण्यातच राहतात. आता या पाण्यात नव्या बिया टाकल्या की पाणी चवीने आधीच भरलेलं असल्यामुळे बियांतून बाहेर पडतं ते मुख्यतः कॅफिनच. पहिल्या बिया मात्र फुकट जातात बिचाऱ्या! याखेरीज रासायनिक द्रावक किंवा दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड वापरूनही कॅफिन काढतात.

कॅफिन शून्य होत नाही. साध्या कॉफीच्या मोठ्या कपात साधारण 95 मिलिग्रॅम कॅफिन असतं, डीकॅफमध्ये बहुधा 2 ते 7. रात्री एक कप बहुतेकांना चालतो, चार-पाच कप झाले तर बेरीज होतेच.

चव थोडी सपाट होते, पण दोष बरेचदा भाजण्याचा असतो. भिजवून वाळवलेली बी भाजण्याआधीच तपकिरी दिसते, त्यामुळे नुसत्या रंगावर विसंबलं की अंदाज चुकतो. जळका वास आला तर समजा, जास्त भाजली गेलीय. ही कॉफी शिळीही लवकर होते, पाकीट लहानच घ्या.