तेल आणि हवा: दोन वेगळे सेटपॉइंट की एक प्रमाण?

प्रश्न: नागपूरजवळ बुटीबोरीला आमची एलडीओवर, म्हणजे लाइट डिझेल ऑइलवर चालणारी भट्टी आहे. तेलाच्या फ्लोला एक कंट्रोलर, हवेला दुसरा. तेलाचा सेटपॉइंट तापमानाच्या कंट्रोलरकडून येतो, हवेचा ऑपरेटर हाताने ठेवतो. दोन्ही लूप आपापल्या जागी नीट चालतात, तरी कधी चिमणीतून काळा धूर निघतो, कधी तेल जास्त जातं. रेशो कंट्रोल लावा असं सांगतात. त्याने नेमका काय फरक पडेल?

उत्तर:

दोन्ही लूप चांगले चालतात म्हणूनच दोष दिसत नाही. प्रत्येक कंट्रोलर आपला आकडा पाळतो, पण ज्योतीला त्या आकड्यांशी घेणंदेणं नसतं. एका किलो तेलामागे किती किलो हवा आली, एवढंच तिला कळतं, आणि तुमच्या मांडणीत हे प्रमाण सांभाळणारं कोणीच नाही.

आकडे घालून पाहू. एक किलो एलडीओ पुरतं जळायला साधारण १४ किलो हवा लागते. बर्नरमध्ये तेल आणि हवा कधीच शंभर टक्के मिसळत नाहीत, म्हणून थोडी जास्त द्यायची. १६ धरू, म्हणजे सुमारे १४ टक्के जादा. तासाला १०० किलो तेलासाठी ऑपरेटरने हवा १६०० किलोवर ठेवली. इथवर ठीक.

आता भट्टी तापली आणि तापमानाच्या कंट्रोलरने तेल ४० वर आणलं. हवा १६०० वरच आहे. चाळीस किलोला ६४० किलो पुरली असती, उरलेली ९६० किलो हवा फुकट तापून चिमणीतून जाते. बाहेरची हवा ३५ अंशांवर आणि भट्टीतून निघणारा धूर ६०० अंशांवर धरला, तर तिला तापवण्यात तासाला सुमारे १ लाख ३५ हजार किलोकॅलरी जातात. ४० किलो तेलातून मिळते जेमतेम चार लाख, म्हणजे एक तृतीयांश उष्णता नुसती हवा तापवण्यात गेली. ‘तेल जास्त जातं’ याचं उत्तर बहुतेक इथेच आहे. पडताळायचं असेल तर कमी लोडवर धुरातला ऑक्सिजन मोजा. योग्य प्रमाणावर तो पावणेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, या अवस्थेत तेरा-चौदा टक्के दिसेल.

उलट बाजू जास्त वाईट आहे. थंड माल आत गेला आणि तेल १२० वर चढलं. त्याला किमान १६८० किलो हवा हवी, आहे १६००. काही तेल अर्धवट जळतं, कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी होते. यात एक सापळा आहे. हवा कमी पडल्यावर तेल वाढवलं तर तापमान चढत नाही, उतरतं, कारण जादा तेलाला जळायला हवाच नसते आणि ते गरम व्हायला उष्णता मात्र खातं. तापमानाच्या कंट्रोलरला हे ठाऊक नाही. तापमान उतरलं की तो आणखी तेल मागतो, ते आणखी उतरतं. एरवी चूक सुधारणारा लूप इथे चूक वाढवत नेतो. खूण अशी: कंट्रोलरचं आउटपुट शंभर टक्क्यांना टेकलेलं, तापमान घसरतंय, चिमणी काळी, ऑक्सिजन शून्याजवळ. अशा वेळी घाबरून ब्लोअरचा डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, एकदम उघडू नका, भट्टीचं दारही उघडू नका. आत न जळालेली वाफ आणि वायू साठलेले असतात, हवा मिळताच ते एकदम पेटतात. आधी तेल हळूहळू कमी करायचं.

आता रेशो कंट्रोल. साधी मांडणी अशी: तेलाचा *मोजलेला* फ्लो घ्या, त्याला १६ ने गुणा, आणि तो आकडा हवेच्या कंट्रोलरला सेटपॉइंट म्हणून द्या. तेलाचा सेटपॉइंट नव्हे, मोजलेला फ्लो. गाळणी चोंदली किंवा व्हॉल्व्ह अडकला की सेटपॉइंट काहीही सांगो, तेल जेवढं येतंय तेवढीच हवा लागणार. काही जण हवा भागिले तेल हा भागाकार काढतात आणि त्यावर वेगळा पीआयडी कंट्रोलर लावतात. ते करू नका. भागाकारात लूपचा गेन लोडप्रमाणे बदलतो: जास्त लोडवर ट्यून केलेला लूप कमी लोडवर डोलायला लागतो. गुणाकारात ही भानगड नाही.

पण एवढ्याने तुमचा धूर थांबणार नाही, कारण तेलाचा व्हॉल्व्ह चपळ असतो आणि डॅम्पर सुस्त. मागणी ६० वरून ९० वर गेली की तेल दोन सेकंदांत पोहोचतं, डॅम्परला आठ-दहा लागतात. तेल ९० वर असताना हवा समजा ११०० वर आहे, तर किमान १२६० हवी असताना ज्योत उपाशी राहते. लोड चढताना दिसणारा काळ्या धुराचा भपका हाच. हवेला पुढे ठेवून तेलाला मागे लावलं तर चढताना सुटका होते, पण उतरताना तीच गत: हवा आधी कमी होते, तेल मागून.

म्हणून चढताना हवा पुढे आणि उतरताना तेल पुढे, अशी अट घालावी लागते. याला क्रॉस लिमिटिंग म्हणतात, आणि पीएलसीत, म्हणजे भट्टी चालवणाऱ्या कंट्रोल संगणकात, ते तीन ओळींचं काम आहे. `D` म्हणजे तापमानाच्या कंट्रोलरची मागणी, किलो तेल प्रतितास; `R` म्हणजे किलो तेलामागे किलो हवा, `SP` म्हणजे सेटपॉइंट आणि `PV` म्हणजे मोजलेला फ्लो:

```
R       = 16.0
FUEL_SP = MIN(D, 1.03 * AIR_PV / R)
AIR_SP  = R * MAX(D, 0.97 * FUEL_PV)
```

तेच उदाहरण यातून चालवा. तेल ६०, हवा ९६०. मागणी ९० झाली. हवेचा सेटपॉइंट लगेच १४४० होतो. तेलाला मात्र आत्ताच्या हवेपुरतीच, म्हणजे ६१.८ ची परवानगी. हवा १२०० वर आली की तेल ७७ पर्यंत जाऊ शकतं, आणि हवा १४०० च्या जवळ पोहोचल्यावरच पूर्ण ९० मिळतं. उलट ९० वरून ६० मागितले तर तेल लगेच उतरू लागतं, पण हवेचा सेटपॉइंट मोजलेल्या तेलाला धरून राहतो: आधी १३९७, मग तेल उतरेल तसा खाली, शेवटी ९६०. दोन्ही दिशांना चूक झालीच तर जादा हवेच्या बाजूला होते.

१.०३ आणि ०.९७ हे आकडे शोभेला नाहीत. ते १ ठेवले तर मीटरचं थोडंसं हेलकावणं किंवा एखाद्या टक्क्याची चूक दोन्ही लूपना एकमेकांत अडकवते: तेल हवेची वाट पाहतं, हवा तेलाची, आणि भट्टी मागणीला पोहोचता पोहोचत नाही. ही सूट जादा हवेपेक्षा बरीच कमी असली पाहिजे. इथे १४ टक्क्यांतून ३ टक्के जातात, चालतं.

आता नागपूरकरांसाठी खास मुद्दा. जानेवारीच्या पहाटे हवा १० अंशांवर, मेच्या दुपारी ४५ वर. ब्लोअर घनफळ तेवढंच ढकलतो, पण गरम हवा विरळ: २८३ भागिले ३१८, म्हणजे तिचं वजन ११ टक्क्यांनी घटतं. थंडीत १६ वर बसवलेला डॅम्पर त्याच जागी ठेवला तर मेमध्ये किलोमागे सव्वाचौदा किलोच हवा देतो. १४ टक्क्यांची शिल्लक दोन टक्क्यांच्या आत येते. ‘उन्हाळ्यात बर्नर बिघडतो’ ही तक्रार पुष्कळदा एवढीच असते. उन्हाळ्यात बसवलं तर हिवाळ्यात धूर नाही, पण तेल जातं.

हवा मोजून रेशो लावला तरी यातून पूर्ण सुटका नाही. ऑरिफिस आणि डीपी ट्रान्समीटर, म्हणजे नळीतल्या भोकाच्या चकतीच्या दोन्ही बाजूंच्या दाबातल्या फरकावरून फ्लो मोजणारी जोडी असेल तर घनतेची चूक वर्गमुळात येते, म्हणजे ११ ऐवजी सुमारे ६ टक्के. प्रमाण १६ ऐवजी १५.१ पडतं. यावर उपाय स्वस्त आहे: हवेच्या नळीत एक आरटीडी, म्हणजे तापमानाचा सेन्सर, लावा आणि मोजलेल्या फ्लोला `SQRT(T_design / T_actual)` ने गुणा. तापमान केल्विनमध्ये घ्या. सेल्सिअस टाकणारे भेटतात, आणि त्यांचा आकडा भलतीकडेच जातो.

वर्गमुळाचा विषय निघालाच आहे तर रेशो सुरू करण्याआधी एक चाचणी कराच. ट्रान्समीटरला डीपीच्या रेंजचा २५ टक्के दाब द्या. पीएलसीत फ्लो ५० टक्के दिसला पाहिजे. २५ दिसला तर वर्गमूळ कुठेच घेतलेलं नाही, सुमारे ७१ दिसला तर ट्रान्समीटरमध्येही घेतलंय आणि पीएलसीतही. पूर्ण लोडवर दोन्ही चुका लपतात, कारण १०० चं उत्तर १०० च येतं. लोड उतरला की प्रमाण बिघडतं आणि लोक बर्नरला दोष देतात. फ्लो पाव झाला की डीपी सोळावा हिस्सा उरतो, म्हणून २५ टक्क्यांच्या खालच्या मोजमापावर रेशो चालवू नका. तिथे तेलाला खालची मर्यादा घाला.

`R` हा एकच आकडा सगळ्या लोडला चालत नाही. कमी ज्योतीवर हवेचा वेग पडतो, मिसळण नीट होत नाही, म्हणून तिथे जास्त हवा लागते. ३०, ५०, ७५ आणि १०० टक्के लोडवर भट्टी स्थिर करा, प्रत्येक ठिकाणी धुरातला कार्बन मोनॉक्साइड वाढायला लागेपर्यंत हवा हळूहळू कमी करा, तिथून थोडी वर आणा आणि ते चार `R` तक्त्यात टाका. तेलाचा फवारा करणारी हवा वेगळ्या नळीने येत असेल तर तीही हवेत मोजा, नाहीतर तुमचा `R` कागदावर एक आणि ज्योतीत दुसरा.

ऑक्सिजन ॲनालायझर जोडून `R` आपोआप सुधारता येतो. त्याला मात्र ५ ते १० टक्क्यांच्या पलीकडे हात घालू देऊ नका आणि हळू चालवा. भट्टीत दाब उणे असेल तर दाराच्या फटीतून हवा शिरते, ॲनालायझर तिलाच जादा ऑक्सिजन समजतो आणि बर्नरची हवा कापतो. आधी दाब किंचित अधिक ठेवा.

आणि यातलं काहीही सुरक्षेच्या सर्किटची जागा घेत नाही. ब्लोअर बंद पडला, हवेचा दाब पडला किंवा ज्योत विझली, तर तेलाचा शट-ऑफ व्हॉल्व्ह पीएलसीतल्या रेशोची वाट न पाहता थेट वायरिंगने पडला पाहिजे. हवेचा कंट्रोलर मॅन्युअलवर टाकला तरी तेलावरची `MIN` ची अट चालू राहते ना, हेही कमिशनिंगच्या दिवशीच पाहून घ्या: हवा मॅन्युअलमध्ये ३ टक्क्यांच्या सुटीपेक्षा थोडी जास्त कमी करा आणि तेल आपोआप खाली येतं का ते बघा.