एका शब्दावर पंचवीस मिनिटं

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या गणपतीत मला २५ मिनिटांचं प्रवचन करायला सांगितलंय. गोष्ट, अभंग आणि शेवटी बोध, हे एकत्र कसं गुंफायचं? मी आधी कधी केलेलं नाही.

आधी माझी फजिती ऐका. कोथरूडच्या एका सोसायटीत मी पहिल्यांदा बोललो, तेव्हा ‘जे का रंजले गांजले’ हा तुकोबांचा अभंग घेतला आणि सगळे चरण एकेक करून समजावत बसलो. पंधरा मिनिटं त्यातच गेली. पुढच्या रांगेतली पोरं खिरापतीच्या डब्याकडे बघायला लागली आणि गोष्ट मला धावत पळत उरकावी लागली.

नंतर सदाशिव पेठेत नारद मंदिरात कीर्तनं ऐकायला जायला लागलो, तेव्हा चूक कळली. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगाचं निरूपण होतं आणि उत्तररंगात आख्यान. पण मुरलेला बुवा पूर्वरंगातच एखादा शब्द असा पेरून ठेवतो, की आख्यान नेमकं त्याच शब्दावर येऊन उभं राहतं. तुमच्या पंचवीस मिनिटांतही हेच करा. चरण एकच घ्या आणि त्यातला शब्दही एकच.

त्याच अभंगातला हा चरण बघा:

ज्यासि आपंगिता नाही ।
त्यासि धरी जो हृदयी ॥

यातला शब्द ‘आपंगिता’. निम्म्या लोकांना तो ‘अपंग’ वाटतो, मलाही वाटायचा. पण आपंगणे म्हणजे आपलं म्हणून जवळ घेणं, सांभाळणं. ज्याला जवळ घेणारं कोणी नाही, त्याला जो छातीशी धरतो, असा अर्थ. सुरुवातीलाच श्रोत्यांना विचारा, ‘आपंगिता म्हणजे काय?’ कोणीतरी ‘अपंग’ म्हणेलच. तिथे लोक कान टवकारतात.

चरण मोठ्याने म्हणताना दोन्ही ओळींत आठ-आठ अक्षरं आहेत, ती मोजून बघा. ‘ज्यासि’मधला ‘सि’ गिळला की लय लंगडते. पहिली ओळ तुम्ही म्हणा, दुसरी लोकांना म्हणू द्या, आणि हे दोनदा करा. चाल येत नसेल तर गाऊ नका, ठाय लयीत नुसतं म्हटलं तरी चालतं. इथपर्यंत आठ मिनिटं.

गोष्ट एकनाथांची. पैठणला भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात एक पोर चुकून एकटं पडलंय, पाय भाजतायत, रडतंय. पोर अस्पृश्य मानलेल्या घरातलं. स्नानसंध्येला आलेले नाथ त्याला उचलतात, कडेवर घेतात आणि त्याच्या घरी नेऊन पोचवतात. एवढीच गोष्ट, पण दहा मिनिटं द्या. घाई करायची नाही ती वाळूपाशी. आधी पोराचे पाय दिसू देत, मग नाथांचं सोवळं, मग उचलणं. उचलल्यावर थांबा आणि चरण पुन्हा म्हणा. ‘त्यासि धरी जो’ला लोक आपणहून ‘हृदयी’ म्हणाले, तर गाठ बसली समजा. गप्प राहिले, तर निरूपण लांबलं होतं किंवा शब्द नीट रुजला नव्हता.

एक जपा. ‘हे बघून तुकोबांनी अभंग रचला’ असं ओघात तोंडून निघतं. नाथांनी १५९९ मध्ये देह ठेवला आणि तुकोबा त्यानंतरचे. गोष्ट अर्थ दाखवायला आलीय, अभंगाचा उगम सांगायला नाही. पुण्यात उठून टोकणारे आजोबा प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच!

बोधाला पाच मिनिटं पुरतात. ‘सर्वांशी प्रेमाने वागा’ म्हटलं की माना डोलतात आणि विषय तिथेच संपतो. तुकोबांनीच पुढच्या ओळीत तो घरात आणलाय: ‘दया करणे जे पुत्रासी । तेचि दासा आणि दासी’. मी इथे आमच्याच घरातलं सांगतो. कामाच्या मावशींचा चहाचा कप वर्षानुवर्षं वेगळा, खिडकीत पालथा घातलेला असायचा. मुलीने विचारलं तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. त्यानंतर श्रोत्यांना एकच विचारतो: आपल्या इमारतीत मावशींनी कोणत्या लिफ्टने यायचं, हे कोणी ठरवलं? उत्तर मी देत नाही. पहिला दोष स्वतःचा सांगितलेला असतो, म्हणून राग येत नाही. दुसऱ्याच्या घरापासून सुरुवात केलीत तर मात्र आरतीआधीच भांडण.

उरलेल्या दोन मिनिटांत सुरुवातीचं नमन आणि शेवटचा नामगजर. भाषण लिहून नेऊ नका, वाचत बसाल. मी बसच्या तिकिटाएवढ्या चिठ्ठीवर चार शब्द नेतो: आपंगिता, वाळू, कडेवर, कप.