गॅप काढले तरी इंडेक्सची फाइल तेवढीच का?

प्रश्न: माझ्याकडे ६ लाख पानांचा शोध-इंडेक्स आहे. पोस्टिंग लिस्टमध्ये पानांच्या क्रमांकांऐवजी गॅप साठवले, पण फाइल एका बाइटनेही कमी झाली नाही. व्हेरिएबल बाइट कोड लावल्यावर खरंच फरक पडतो का?

उत्तर: पडतो, आणि चांगलाच पडतो. तुमचं काम फक्त अर्ध्यावर थांबलंय. गॅप काढल्याने आकडे लहान होतात, पण तो लहान आकडा तुम्ही अजूनही चार बाइटांच्या खणात ठेवताय. ३ असो की ८४२१०, जागा तेवढीच जाते. खणच आकड्याच्या मापाचा करायचा, हे व्हेरिएबल बाइटचं काम.

मी इथे कोल्हापुरात जुन्या मराठी वर्तमानपत्रांच्या स्कॅन केलेल्या पानांचा इंडेक्स सांभाळतो, म्हणून उदाहरण तिथलंच घेतो. समजा, ‘महापूर’ हा शब्द ८४२१०, ८४२१३, ८४२१४, ८४५१४ आणि ८४५१७ या पानांवर आहे. पहिला क्रमांक तसाच ठेवायचा, पुढे फक्त फरक: ८४२१०, ३, १, ३००, ३.

आता प्रत्येक आकडा १२८ च्या पायात लिहायचा. एका बाइटमध्ये आठ बिट. त्यातले सात आकड्यासाठी आणि सगळ्यात वरचा बिट खुणेसाठी. आकड्याचा शेवटचा बाइट असेल तर तो बिट १, म्हणजे बाइटमध्ये १२८ मिळवायचे. ३ चा बाइट झाला १३१, १ चा १२९. ३०० म्हणजे दोन वेळा १२८ आणि वर ४४, म्हणून बाइट २ आणि १७२. ८४२१० चे तीन बाइट होतात: ५, १७, २४२. पूर्ण यादी अशी:

```
5 17 242 | 131 | 129 | 2 172 | 131
```

आठ बाइट. आधी वीस लागत होते. उभ्या रेघा फक्त वाचायला सोपं जावं म्हणून दिल्यात, फाइलमध्ये त्या नसतात. १२८ किंवा जास्तीचा बाइट दिसला की आकडा संपला, एवढ्यावर उलगडणारा कोड बरोबर तोडतो.

```python
def encode(docs):
    out, prev = bytearray(), 0
    for d in docs:
        g, prev = d - prev, d
        part = [g % 128 + 128]
        g //= 128
        while g:
            part.insert(0, g % 128)
            g //= 128
        out.extend(part)
    return bytes(out)
```

यादी चढत्या क्रमानेच हवी. एखादं पान मागेपुढे झालं तर गॅप उणे येतो, आणि वरच्या कोडमध्ये `g` हा -1 वर अडकून लूप कधीच संपत नाही. प्रोग्रॅम गप्प बसलाय आणि रॅम मात्र भरत चाललीय असं दिसलं, तर आधी यादीचा क्रम बघा. यादीच्या मध्येच गॅप शून्य आला तर एकच पान दोनदा नोंदवलं गेलंय.

किती फरक पडतो याचा अंदाज हवा असेल तर रॉयटर्सच्या सुमारे ८ लाख बातम्यांच्या प्रसिद्ध संग्रहाचे आकडे घ्या. ३२ बिटांत क्रमांक ठेवले तर पोस्टिंगना ४०० एमबी लागतात, व्हेरिएबल बाइटने ११६. बिटाबिटाने भरणारा गॅमा कोड १०१ पर्यंत नेतो, पण तो उलगडायला जास्त वेळ घेतो. त्या १५ एमबीसाठी मी तरी ती कटकट घेणार नाही.

या पद्धतीला एक तळ मात्र आहे. गॅप कितीही लहान असला तरी एक बाइट जातोच. ‘आणि’ हा शब्द जवळजवळ प्रत्येक पानावर असतो. तुमच्या ६ लाख पानांसाठी त्याची यादी ६ लाख बाइटांच्या आसपास राहील. त्याच शब्दासाठी पानामागे एक बिट ठेवला तर ७५,००० बाइटांत काम होतं. अशा मोजक्या शब्दांसाठी वेगळा बिटमॅप ठेवायला हरकत नाही.

पण खरी गोम पानांना क्रमांक कसे दिलेत यात आहे, आणि तिकडे फार कमी लोक बघतात. स्कॅनिंगच्या वेळी आमच्या पानांच्या फाइलींना आडवीतिडवी नावं पडली होती. मी त्या नावांच्या क्रमाने पानांना क्रमांक देऊन टाकले. त्यामुळे एकाच आठवड्याची पानं पूर्ण संग्रहात विखुरली. कोल्हापूरच्या बातम्यांना तर ऋतू असतो. ‘महापूर’ हा शब्द २००५, २०१९, २०२१ च्या पावसाळ्यात पानापानावर येतो आणि एरवी महिनोन् महिने तुरळक. ‘गुऱ्हाळ’ हिवाळ्यात. तारखेच्या क्रमाने क्रमांक दिले तर ही पानं एकमेकांच्या शेजारी बसतात आणि गॅप आपोआप लहान होतात.

हिशोब करून बघा. एक शब्द ६ लाखांपैकी ३,००० पानांवर आहे, म्हणजे सरासरी गॅप २००. पानं विखुरलेली असतील तर जेमतेम ४७ टक्के गॅप १२८ च्या आत येतात आणि एका बाइटात मावतात, बाकी जवळपास सगळे दोन बाइट घेतात. यादी होते सुमारे ४,६०० बाइटांची. पानं तारखेने लावलेली असतील आणि शब्द पुरासारखा झुंडीने येणारा असेल, तर यादी ३,००० च्या थोडीच वर राहते. कोडमध्ये एक ओळही बदलावी लागत नाही. तुमच्या इंडेक्समध्ये एक, दोन आणि तीन बाइटांचे गॅप किती आहेत ते मोजा. मधल्या वारंवारतेच्या शब्दांतही दोन बाइटवाल्यांची गर्दी असेल तर क्रमांक पुन्हा द्या.

या सगळ्याची किंमत एकच: यादीच्या मधोमध उडी मारता येत नाही, सुरुवातीपासून बेरीज करत यावं लागतं. ‘महापूर’ आणि ‘शिरोळ’ दोन्ही असलेली पानं शोधताना लांब यादीत हे जाणवतं. उपाय म्हणून दर १२८ नोंदींचा एक गट करा आणि प्रत्येक गटासाठी त्यातला शेवटचा पान क्रमांक आणि गट फाइलमध्ये कुठे सुरू होतो ते वेगळं लिहून ठेवा. हवं ते पान गटाच्या शेवटच्या क्रमांकाच्या पुढे असेल तर तो गट न उलगडता सोडून द्यायचा.

इथेच मी दोन दिवस घालवले. गटावर उडी मारल्यावर बेरीज आधीच्या गटाच्या शेवटच्या क्रमांकापासून सुरू व्हायला हवी; माझ्या कोडमध्ये ती शून्यापासून होत होती. एरर काहीच येत नव्हता. फक्त २०१९ च्या पुराची पानं शोधली की संग्रहातली सगळ्यात जुनी पानं समोर येत होती, आणि त्यांत ‘महापूर’ कुठेच नव्हता. तुमच्याकडे असं झालं तर `prev` कुठून येतो तेच आधी बघा. आणि चाचणीला १२८ पेक्षा लांब यादी घ्या, कारण पहिल्या गटात ही चूक दिसतच नाही.