कार्ड ब्लॉक करायला सांगितलं, तरी पैसे गेले, आता बँक म्हणते चूक तुमची

"वकीलसाहेब, शनिवारी संध्याकाळी बसमध्ये पाकीट मारलं. मेसेज बघितले तर ७:५० ला ४,२०० चं टॅप पेमेंट झालेलं आणि ८:०५ ला एटीएममधून १०,००० गेलेले. ८:२५ ला बँकेला फोन करून डेबिट कार्ड ब्लॉक करायला सांगितलं, तक्रार नंबरही मिळाला. तरी ८:४० ला अजून ९,००० गेले. पाकिटात पिनची चिठ्ठी होती हे मी फोनवर खरं सांगून टाकलं. आता बँक म्हणते सगळं तुमच्याच चुकीमुळे. आधी पोलिसांत जायला हवं होतं का?"

नाही हो, आधी बँकच. पोलीस काही तुमचं कार्ड बंद करू शकत नाहीत, आणि चौकीत बसून तक्रार लिहीपर्यंत समोरचा अजून दोन एटीएम फिरून येतो. त्यातही ॲप हाताशी असेल तर फोनच्याही आधी ॲपमधून कार्ड लॉक करायचं, ते काही सेकंदात होतं आणि कार्ड सोफ्याखाली सापडलं तर परत चालूही करता येतं. मग फोन करून कायमचं ब्लॉक, ज्याला बँकवाले हॉटलिस्ट म्हणतात, ते झालं की तो कार्ड नंबर संपला, नवीन नंबरचं कार्ड येतं. आणि कस्टमर केअरचा नंबर सर्च करून पहिला दिसेल तो लावू नका, तिथे चोरांचेच नंबर पेरलेले असतात, बँकेच्या ॲपमधला किंवा पासबुकवरचा घ्या.

आता तुमच्या केसचा सगळा जीव ८:२५ या वेळेत आहे. आरबीआयचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, त्यात सरळ लिहिलंय की नुकसान ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालं असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे चिठ्ठी होती असं धरलं तरी ८:४० चे ९,००० बँकेनेच सोसायचे, त्यावर "चूक तुमची" हे उत्तर चालत नाही.

८:०५ चे १०,००० मात्र अवघड आहेत, खोटी आशा लावत नाही. कार्डासोबत पिन ठेवणं म्हणजे निष्काळजीपणा असंच बँक म्हणणार, आणि तुम्ही ते स्वतःच सांगितलंय. ४,२०० चं वेगळं आहे. टॅप पेमेंटला ५,००० पर्यंत पिन लागतच नाही, मग चिठ्ठीचा त्याच्याशी संबंध काय? ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचं ओझं त्याच परिपत्रकानुसार बँकेवर आहे, आणि तुम्ही तर त्याच संध्याकाळी कळवलंय. मिळतीलच असं म्हणत नाही, पण मागायचे नक्की.

ब्लॉक केल्यावर पैसे गेले कसे हे पण बघायला हवं. एटीएम किंवा दुकानातलं मशीन जवळपास दरवेळी तुमच्या बँकेच्या सर्व्हरला विचारतं, हे कार्ड चालू आहे का, शिल्लक आहे का. कार्ड हॉटलिस्ट असेल तर तिथूनच नकार येतो, चोराच्या हातात कार्ड असलं आणि पिन बरोबर असला तरी. म्हणजे मुख्यतः तीन शक्यता उरतात: फोन घेणाऱ्याने तक्रार नोंदवली पण ब्लॉकची नोंद टाकलीच नाही, किंवा तुमच्या खात्यावर दोन कार्डं होती आणि त्याने भलतंच बंद केलं (हे फार होतं, म्हणून शेवटचे चार आकडे वाचून घ्यायचे), किंवा पैसे आधीच निघाले होते आणि मेसेज उशिरा आला. तिसरी शक्यता खरी निघाली तर तुमची बाजू पडते, म्हणून मेसेजच्या वेळेवर भांडू नका. बँकेकडे लेखी मागा की कार्ड नेमकं किती वाजता हॉटलिस्ट झालं आणि एटीएमच्या नोंदीत व्यवहार किती वाजताचा आहे. स्टेटमेंटवरच्या तारखेवरही जाऊ नका, शनिवार रात्रीचा व्यवहार तिथे सोमवारच्या तारखेनेही दिसू शकतो.

हे सगळं एका ईमेलमध्ये, तक्रार नंबर टाकून, आणि सोबत त्या एटीएमचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा असंही लिहा, ते कायम राहत नाही. कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने वादातली रक्कम तात्पुरती जमा करायची असते आणि ९० दिवसांत निकाल लावायचा असतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, फी नाही, वकीलही लागत नाही.

पोलिसांकडे आता जा. "हरवलं" अशी नोंद करून वाटेला लावतील, ते घेऊ नका, पाकीट मारलंय आणि कार्ड वापरलंय म्हणून एफआयआर मागा, तिन्ही व्यवहारांच्या वेळा त्यात लिहून घ्या. आणि एक, कार्ड ब्लॉक झालं म्हणजे खातं ब्लॉक झालं असं नाही, यूपीआय आणि नेटबँकिंग चालूच असतं. पाकिटासोबत फोनही गेला असता तर कार्डाच्या नंबरवरून आणि ओटीपीवरून यूपीआयचा पिनही बदलता आला असता, तेव्हा सिम बंद करायला त्याच मिनिटाला दुसरा फोन करावा लागला असता.