टीव्हीचा मेनू अरबीत गेलाय, परत कसा आणू?

प्रश्न: कोथरूडला आईबाबांकडे गूगल टीव्ही आहे. भाच्याने रिमोट खेळताना मेनू अरबी करून टाकला. एक अक्षर वाचता येत नाही. काय करू?

उत्तर: अक्षरं सोडा, चित्रं बघा. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून अख्खा मेनू आरशासारखा उलटतो. एरवी वर उजव्या कोपऱ्यात असणारं सेटिंग्जचं दातेरी चाक आता डावीकडे सापडेल. बहुतेकजण इथेच अडकतात.

त्यात 'सिस्टम'मध्ये जा, मग 'भाषा'. जुन्या अँड्रॉइड टीव्हीवर भाषेपुढे पृथ्वीच्या गोळ्याचं चित्र असतं. बरोबर जागी पोचलात की लगेच कळेल, कारण यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत असतं. English किंवा मराठी दिसलं की ओके दाबा. मेनू तिथल्या तिथे बदलतो.

चित्रांवरून जमलं नाही, तर फोनमधल्या गूगल ट्रान्सलेटचा कॅमेरा पडद्यासमोर धरा, अरबी शब्द वाचता येतील. न कळणाऱ्या चौकटीवर मात्र अंदाजाने ओके दाबू नका. रीसेटही याच भागात आहे, आणि तो झाला तर आईबाबांची सगळी अ‍ॅप्स आणि लॉगिन पुन्हा घालावी लागतील.