घरच्यांसाठी फ्लॅट परत हवा असेल तर भाडेकरूला नोटीस कशी द्यावी?

प्रश्न: मुलुंडमधला माझा वन बीएचके 24 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर दिला आहे. 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2027, भाडं 32 हजार, डिपॉझिट दीड लाख. आईबाबा कायमचे मुंबईला येतायत, दिवाळीआधी घर हवंय. किती दिवसांची नोटीस द्यायची? कारण काय लिहायचं?

उत्तर:

मी वकील आहे आणि माझं बरंचसं काम मुंबईतल्या घरभाड्याच्या प्रकरणांचं असतं. नोटीस किती दिवसांची हे तुमचं अ‍ॅग्रीमेंट ठरवतं, आणि कारण लिहिण्याची कायद्याने गरज नाही.

पागडीच्या भाडेकरूला घर रिकामं करायला लावायचं असेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 16 खाली "मला किंवा माझ्या माणसांना राहायला जागा खरोखर हवी आहे" हे लघुवाद न्यायालयात सिद्ध करावं लागतं. कोणाला जास्त त्रास होईल, मालकाला की भाडेकरूला, हेही कोर्ट तोलून बघतं. तिथे कौटुंबिक गरज हाच खटल्याचा पाया असतो. तुमचं तसं नाही. तुमच्याकडे राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत लायसन्सी आहे, त्याला ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी आहे. म्हणून नोटिशीत आईच्या गुडघ्यांचं, बाबांच्या औषधांचं काही लिहू नका. कारण लिहिलं की ते खरं की खोटं यावर वाद घालायला जागा होते, आणि तो वाद तुम्हाला जिंकायची मुळात गरजच नाही. नोटिशीत "भाडेकरू" आणि "भाडं" हे शब्दही टाळा, "लायसन्सी" आणि "लायसन्स शुल्क" लिहा. घरचं कारण समोर बसून, चहा घेताना सांगा. माणूस तेच ऐकून लवकर तयार होतो.

आता अ‍ॅग्रीमेंट काढा आणि मुदतीआधी संपवण्याचं कलम शब्द न शब्द वाचा. तिथे दोन गोष्टी बघायच्या. पहिली, लॉक-इन म्हणजे करार मोडता न येणारा काळ किती महिन्यांचा आहे आणि तो दोघांनाही लागू आहे का. दुसरी त्याहून महत्त्वाची: नोटीस देऊन अ‍ॅग्रीमेंट संपवण्याचा हक्क नेमका कोणाला आहे? बरीच अ‍ॅग्रीमेंट ब्रोकरकडच्या तयार नमुन्यावर होतात. त्यातल्या काहींत "दोघांपैकी कोणीही एक महिन्याच्या लेखी नोटिशीने" असं असतं, तर काहींत हा हक्क फक्त लायसन्सीला असतो आणि मालकाला केवळ शुल्क थकलं किंवा अटी मोडल्या तरच. नोंदणीच्या दिवशी अंगठा लावताना हे कोणी वाचत नाही.

समजा तुमच्यात लॉक-इन 12 महिन्यांचा आहे आणि नोटीस दोघांनाही एक महिन्याची आहे. लॉक-इन 31 मार्च 2026 ला संपला. दिवाळी 2026 च्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येते, म्हणजे ताबा 31 ऑक्टोबरला मिळाला तर रंगकामाला आठवडाभर मिळेल. कराराने 30 सप्टेंबरच्या आत पोचलेली नोटीस पुरते, पण मी तुमच्या जागी असते तर ऑगस्टमध्येच दिली असती. मुंबईत दुसरं घर शोधायचं, नवी डिपॉझिट जमवायची, त्यात मुलांची शाळा असेल तर एक महिना फार अपुरा पडतो. समोरच्याला वेळ मिळाला की तुमचीही तारीख पाळली जाते. मजकूर इतकाच पुरे:

"दिनांक अमुकच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारातील कलम अमुक अन्वये मी सदर करार 31 ऑक्टोबर 2026 रोजी संपुष्टात आणत आहे. त्या दिवशी सायंकाळी 6 पर्यंत जागेचा रिकामा ताबा व सर्व चाव्या द्याव्यात. ताबा मिळताच देय रकमा वजा करून डिपॉझिट परत केली जाईल."

खाली सही आणि तारीख. करारात लिहिलेल्या पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा, त्याचाच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ईमेलवरही टाका. करारात नोटीस पाठवायची विशिष्ट पद्धत लिहिली असेल तर ती आधी पाळा. नुसत्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या "ओके दादा"वर विसंबू नका.

हक्क फक्त लायसन्सीला असेल तर नोटीस तुमचं काम करणार नाही. मग समजुतीनेच घ्यायचं. शेवटच्या महिन्याचं शुल्क सोडून द्या, टेम्पोचा आणि नव्या घराच्या ब्रोकरेजचा खर्च उचला. साठ-सत्तर हजार गेले तरी हाच रस्ता स्वस्त असतो. ठरलं की दोघांच्या सहीने लिहून घ्या.

आणि त्याने घर सोडलंच नाही तर? त्याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 24 मालकाच्या बाजूचं आहे: लायसन्सची मुदत संपल्यावर राहण्याच्या जागेचा ताबा मिळावा म्हणून थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत लायसन्सीने शपथपत्रावर बचावाची परवानगी मागावी लागते, नाहीतर तुमचं म्हणणं मान्य धरलं जातं. वर, मुदतीनंतर राहिल्याच्या काळासाठी दुप्पट शुल्क, म्हणजे तुमच्या बाबतीत महिना 64 हजार, नुकसानभरपाई म्हणून लागतं. हे सगळं नोंदणीकृत कराराच्या जोरावर चालतं. नोंदणी नसेल तर भाडेकरू अटी काय होत्या ते सांगेल, आणि उलटं सिद्ध होईपर्यंत त्याचंच ग्राह्य धरलं जाईल.

पण या कलमाचे शब्द "मुदत संपल्यावर" असे आहेत. नोटिशीने मध्येच संपवलेल्या करारात "माझी मुदत मार्च 2027 पर्यंत आहे" असं म्हणायला त्याला वाव मिळतो. म्हणून माझं स्पष्ट मत: ऑक्टोबरमध्ये त्याने नकार दिला तर नोटीस मागे घेऊ नका, पण भांडणही वाढवू नका. पाच महिने थांबा, आईबाबांची तेवढ्यापुरती दुसरी सोय करा, आणि 31 मार्चनंतरही तो राहिला तर 1 एप्रिललाच अर्ज दाखल होईल अशी कागदपत्रं तयार ठेवा. मधल्या काळात पाणी किंवा वीज तोडायचा विचारही करू नका. कलम 29 खाली तो गुन्हा आहे आणि तुमची भक्कम बाजू एका दिवसात पडते. नोटिशीत दिलेल्या ताब्याच्या तारखेनंतर त्याने पैसे भरले तर "हक्क राखून, नुकसानभरपाईपोटी स्वीकारले" असं लगेच लेखी कळवा. गप्प बसून महिनोन्‌महिने घेत राहिलात तर तुम्ही करार पुढे चालू ठेवलात असं तो म्हणेल.

सरळ निघाला, आणि बहुतेक जण निघतात, तर चाव्या आणि डिपॉझिट एकाच बैठकीत द्या-घ्या. वीज आणि गॅसच्या मीटरचं रीडिंग, भिंतींचे फोटो, आणि "आज रिकामा ताबा दिला, डिपॉझिट मिळाली, काही देणं-घेणं उरलं नाही" असा दोघांच्या सहीचा कागद तिथेच करा. डिपॉझिट बँकेतून त्याच्यासमोर ट्रान्सफर करा. मग सोसायटीला आणि पोलिस ठाण्यात दिलेल्या भाडेकरूच्या माहितीवरही तो गेल्याचं कळवा.