आढावा आणि जंत्री

प्रश्न: माझा विषय मराठी-कानडी सीमाभागातली भाषा. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाला ‘संबंधित साहित्याचा आढावा’ असं नाव दिलंय आणि प्रत्येक पुस्तकावर, लेखावर एकेक परिच्छेद लिहिलाय. मार्गदर्शक म्हणतात, “ही जंत्री झाली, आढावा नव्हे.” आढावा म्हणजे नक्की काय? त्याऐवजी ‘मागोवा’ किंवा ‘परामर्श’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर: ‘आढावा’च ठेवा. ‘मागोवा’ शब्दात माग काढणं आहे. एखाद्या कल्पनेचा उगमापासून आजपर्यंतचा प्रवास सांगायचा असेल तिथे तो शोभतो, पण वाचकाला काळाच्या क्रमाची अपेक्षा लावून देतो. ‘परामर्श’ एकेका ग्रंथाचा घेतात. ‘आढावा’ मात्र हिशेबाच्या व्यवहारात मुरलेला शब्द आहे. जमा आणि खर्च समोरासमोर मांडून शिल्लक किती, येणं किती हे ठरवायचं, असा त्याचा रोख. तुमच्या प्रकरणाकडून तेच हवं आहे. कोणतं विधान कशाच्या आधारावर उभं आहे, कोणती दोन विधानं एकमेकांना छेद देतात आणि शेवटी कोणता प्रश्न येणं राहतो, हे त्यातून निघालं पाहिजे. जंत्रीत नोंदी असतात, पण त्यांचं एकमेकींशी नातं नसतं.

‘साहित्य’ शब्दाबद्दल एवढंच सांगतो की कथा-कविता असा गैरसमज होण्याची शक्यता असेल तर ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ म्हणा. शीर्षक बदलून जंत्रीचा आढावा होणार नाही, हे उघड आहे. म्हणून तुमच्याच विषयावर करून पाहू.

या विषयावरच्या कोणत्याही प्रबंधात सहा अभ्यास बहुधा येतातच. ज्यूल ब्लॉक (1920) यांनी मराठीची घडण प्राकृतापासूनच्या नियमित ध्वनिबदलांतून मांडली. एमेनो (1956) यांनी भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे, म्हणजे वेगवेगळ्या कुळांतल्या भाषांनी शेजारामुळे समान लकबी उचलल्या आहेत, असं म्हटलं. साउथवर्थ (1971) यांनी मराठीच्या मुळाशी आर्य आणि द्रविड भाषकांच्या संपर्कातून झालेली क्रिओलसारखी, म्हणजे भाषांच्या मिसळीतून नवी भाषा जन्मते तशी, अवस्था असावी असा तर्क केला. गंपर्झ आणि विल्सन (1971) यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये मराठी, कानडी, उर्दू आणि तेलुगू एकत्र कशा नांदतात ते पाहिलं. मसिका (1976) यांनी ‘भारतीय’ समजल्या जाणाऱ्या काही लकबी नकाशावर मांडून त्यांतल्या अनेक मध्य आशिया आणि पूर्व आशियापर्यंत पोचतात हे दाखवलं. सोनल कुलकर्णी-जोशी (2016) यांनी कुपवाडचा चाळीस वर्षांनंतर पुन्हा अभ्यास करून जुन्या निष्कर्षाची फेरतपासणी केली.

मी आत्ता जे लिहिलं तीच जंत्री. एकही वाक्य चुकीचं नाही, पण मधलं कोणतंही वाक्य उचलून दुसरीकडे ठेवलं तरी काही बिघडत नाही. जंत्री ओळखण्याची ही पक्की खूण: परिच्छेदांची अदलाबदल करून पाहा. अर्थ तसाच राहिला, तर युक्तिवाद झालेला नाही. दुसरी खूण म्हणजे परिच्छेदांची फक्त पहिली वाक्यं ओळीने वाचायची. ती सगळी आडनावांनी सुरू होत असतील, तर तुम्ही माणसांची ओळख करून देताय, विषयाची नाही.

इथे बरेच जण एक खोटा उपाय करतात. ‘परदेशी अभ्यासक’ आणि ‘भारतीय अभ्यासक’, किंवा ‘ग्रंथ’, ‘लेख’ आणि ‘अप्रकाशित प्रबंध’ असे गट पाडतात आणि विषयवार मांडणी झाली असं समजतात. हे गट ग्रंथपालाच्या कामाचे आहेत. लेखकाचा देश कोणता, यावरून कुपवाडच्या कानडीबद्दल काहीही कळत नाही. कालक्रमाचंही तसंच. वरच्या यादीतले साउथवर्थ आणि गंपर्झ-विल्सन यांचे लेख एकाच वर्षीच्या, डेल हाइम्स यांनी संपादित केलेल्या एकाच ग्रंथात आहेत. कालक्रम त्यांना शेजारी बसवेल, पण एक लेख हजार-दोन हजार वर्षांपूर्वीच्या घडणीबद्दल आहे आणि दुसरा डोळ्यांसमोरच्या गावाबद्दल, हे सांगणार नाही.

खरे आशयसूत्र सापडायला एक तक्ता करा. आडव्या ओळींत सहा अभ्यास आणि उभ्या रकान्यांत तेच ते प्रश्न: संपर्क किती जुना मानला आहे? पुरावा कशाचा, ध्वनींचा, शब्दांचा की वाक्यरचनेचा? आणि बदल झाला असं म्हणताना तुलना कशाशी केली आहे? तक्ता भरताना ‘सारांश’ हा रकाना मुद्दाम ठेवू नका, कारण तो असला की हात आपोआप जंत्रीकडे वळतो. भरून झाल्यावर ओळी वाचू नका, रकाने वरून खाली वाचा. ज्या रकान्यात उत्तरं एकमेकांशी भांडतात, तो रकाना म्हणजे तुमचं सूत्र.

या सहांपुरता तुलनेचा रकाना सगळ्यांत भांडखोर आहे, म्हणून तिथे थांबू.

गंपर्झ-विल्सन यांचा गाजलेला मुद्दा असा की कुपवाडमधल्या भाषांचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्याचा सांगाडा इतका जवळ आला की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर व्हावं. ‘पाला जरा कापून घेऊन आलो’ या मराठी वाक्यापुढे तिथल्या उर्दूतलं ‘पाला जरा काट के ले के आया’ ठेवलं की वाचणारा थक्क होतो. प्रबंधांतून हेच उदाहरण पुन्हा पुन्हा उद्धृत होतं. आता त्याच्या शेजारी मसिकांना बसवा. ‘कापून’, ‘घेऊन’ अशा पूर्वकालवाचक रूपांची साखळी ही त्यांनी नकाशावर मांडलेल्या लकबींपैकीच एक आहे, आणि ती सांगलीपुरती नाही, भारतापुरतीही नाही. कुपवाडचं नावही न ऐकलेला लखनौचा माणूस ‘काट के ले के आया’ असंच म्हणेल. म्हणजे हे वाक्य दोन भाषांची जवळीक दाखवतं, पण ती जवळीक कुपवाडमध्ये झाली हे त्या वाक्याने सिद्ध होत नाही.

त्यासाठी असं उदाहरण लागेल जिथे गावातली भाषा बाहेरच्या आपल्याच भावंडांपासून वेगळी झाली आहे. तेही त्या लेखात आहे, कारण त्यांनी प्रमाण भाषांशी तुलना केली आहे. प्रमाण कानडीत ‘इदु निम्म मने’ म्हणजे ‘हे तुमचं घर’, इथे वाक्य संपतं, ‘आहे’ लागत नाही. कुपवाडच्या कानडीत मात्र शेवटी ‘एति’ येतं, मराठीतल्या ‘आहे’सारखं. हा पुरावा जास्त वजनदार आहे.

पण इथेही रकाना पुढे ढकलायला हवा. तुलना प्रमाण कानडीशी का? बेळगाव-धारवाडकडच्या बोलण्यात ‘ऐति’ सर्रास कानावर पडतं. तसंच कुपवाडच्या उर्दूची तुलना प्रमाण उर्दूशी करण्याऐवजी दख्खनीशी करायला हवी. त्या दख्खनीने मराठीतला ‘नको’ कधीच ‘नक्को’ करून घेतला आहे. तेव्हा गावात झालेला बदल कोणता आणि गावाने आजूबाजूच्या टापूतून आयता घेतलेला कोणता, हे वेगळं करायचं असेल तर मोजपट्टी शेजारच्या बोलींची हवी.

पाहा, आपण एका प्रश्नाच्या मागे गेलो आणि चार अभ्यास आपापल्या जागी आले. एमेनोंनी टापूचा विचार दिला. मसिकांनी त्या टापूची हद्द सैल केली. त्यामुळे गंपर्झ-विल्सन यांच्या दोन उदाहरणांचं वजन वेगवेगळं ठरलं. कुलकर्णी-जोशी यांचा फेरअभ्यास इथे ‘आणखी एक लेख’ म्हणून येत नाही, तर शब्दाला शब्द भाषांतराचं ते प्रारूप मुळात किती टिकतं, या प्रश्नाला लागून येतो. त्यांच्यामुळे काळाचा रकानाही उघडतो. 1960च्या दशकात सुमारे तीन हजार वस्तीचं असलेलं ते गाव आता सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत आहे, आणि मधल्या काळात भाषावार राज्यं स्थिरावून मराठी ही शाळेची आणि कचेरीची भाषा झाली. ब्लॉक आणि साउथवर्थ यांचा वाद वेगळ्या सूत्रात जाईल: मराठीत दिसणारं द्रविड वळण तिच्या घडणीतलंच, की नंतरच्या शेजारातलं? हे सूत्र आधी ठेवा, कारण त्याचं उत्तर जसं द्याल तसं कुपवाडच्या पुराव्याकडे पाहाल. एकच अभ्यास दोन सूत्रांत आला तरी बिचकू नका. गंपर्झ-विल्सन तर दोन्हीकडे लागतीलच.

आता भाषेचा भाग, कारण युक्तिवाद शेवटी क्रियापदांत दिसतो. प्रबंधांत सरसकट ‘नमूद करतात’ किंवा ‘प्रतिपादन करतात’ लिहिलेलं असतं. ‘दाखवून देतात’ लिहिलंत की तुम्ही ते मान्य केलंत. ‘गृहीत धरतात’ म्हटलंत की बोट ठेवलंत. ‘सुचवतात’ म्हटलंत की पुरावा अपुरा आहे, हे सांगितलंत. साउथवर्थ यांच्यासाठी मी ‘तर्क करतात’ लिहीन. मसिकांच्या नकाशासाठी ‘दाखवतात’. जोडशब्दांतही हीच काळजी घ्या. ‘तसेच’ आणि ‘त्याचप्रमाणे’ यांनी दोन परिच्छेद जोडलेत, तर नातं न तपासता पुढे गेलात असं समजा. ‘मात्र’, ‘यावरून’, ‘एवढ्याने भागत नाही, कारण’ हे शब्द लिहिताना नातं ठरवावंच लागतं.

तुमच्या प्रकरणातला एक परिच्छेद साधारण असा होईल:

“कुपवाडच्या भाषांमधली वाक्यरचनेची जवळीक स्थानिक संपर्कातून आली, हा निष्कर्ष तुलनेच्या आधारावर अवलंबून आहे. गंपर्झ आणि विल्सन (1971) स्थानिक रूपांची तुलना प्रमाण भाषांशी करतात. मात्र त्यांच्या बहुचर्चित उदाहरणातील पूर्वकालवाचक रचना मसिका (1976) यांच्या नकाशात दक्षिण आशियाच्याही पलीकडे पसरलेली दिसते. तेव्हा ती स्थानिक बदलाचा पुरावा ठरत नाही. कानडीतील ‘एति’चा वापर अधिक नेमका आहे, पण तोही उत्तर कर्नाटकातील बोलींशी ताडून पाहिल्याशिवाय कुपवाडचा म्हणता येत नाही.”

यात नावं दुसऱ्या वाक्यापासून येतात, पहिलं वाक्य तुमचं आहे. शेवटच्या वाक्यातून तुमचं पुढचं काम निघतं: कोणत्या गावांत जायचं, कोणत्या बोलीचे नमुने घ्यायचे, आणि उर्दू बोलणाऱ्या घरात ध्वनिमुद्रण करताना दख्खनीचा कोणता नमुना सोबत ठेवायचा. संशोधनपद्धतीचं तिसरं प्रकरण तिथूनच सुरू करा. मार्गदर्शकांना दाखवताना प्रकरणाबरोबर तो तक्ताही न्या. कोणता रकाना रिकामा राहिलाय, ते त्यांना चटकन दिसेल.